पीसीआर १.४, व्हिक्स चढता आणि चार्टवर सपोर्ट तुटलेला: यातलं कुणाचं ऐकायचं?

कोरीपाटी
दोन वर्षं फक्त चार्ट बघून सौदे करतोय. मागच्या महिन्यापासून शेजारी दोन आकडे ठेवायला लागलो, पुट-कॉल रेशो म्हणजे पीसीआर, आणि ऑप्शनच्या भावांतून बाजाराची भीती दाखवणारा व्हिक्स. गर्दीच्या मनात काय चाललंय ते कळावं एवढाच हेतू होता. पहिल्याच मोठ्या सौद्यात दोन्हींनी मला उलटं पाडलं. नेमकं काय झालं ते सविस्तर लिहितो.

निर्देशांक चार आठवडे १०,०००च्या पातळीवर टेकून होता. तीनदा तिथून उसळला. चौथ्यांदा खाली आला तेव्हा पीसीआर १.४ होता. पीसीआर १.३च्या वर म्हणजे खाली भक्कम आधार, असं मी पक्कं धरून होतो. व्हिक्स दोन दिवसांत १४ वरून १९ वर गेला होता. म्हणजे लोक घाबरलेत, आणि लोक घाबरले की घ्यायचं. चार्टवर मात्र १०,०००च्या खाली बंद आला होता. एरवी मी तिथे विकलं असतं. या दोन आकड्यांच्या भरवशावर ९,९६० ला घेतलं आणि नेहमीसारखा ११० अंकांचा स्टॉपलॉस लावला. तो दुसऱ्याच दिवशी उडाला.

चिडून पुन्हा घेतलं, या वेळी स्टॉपलॉस न लावता. निर्देशांक ९,४३० पर्यंत गेला, पीसीआर ०.७ आणि व्हिक्स ३१. आता आधारही नाही आणि भीती एवढी, म्हणून विकून मोकळा झालो. तीन दिवसांत निर्देशांक ९,८०० वर.

मला समजून घ्यायचंय की हे आकडे वाचण्यात माझं कुठे चुकलं. की चार्टशेजारी ते ठेवायचेच नाहीत?

मेणबत्ती२१
ठेवायचेच नाहीत. भावात सगळं आलेलं असतं. १०,०००च्या खाली बंद आला तिथेच चार्टने सांगितलं होतं, तुम्ही ऐकलं नाहीत. पुट कुणी घेतले, कॉल कुणी विकले, भीती किती, सगळ्याचं सार ती एक कॅन्डल असते. मी सात वर्षं चार्टवरच चालतोय.

सरळरेषा
मेणबत्ती, इतकं टोकाचं नको. पीसीआर उपयोगी आहे, मी रोज बघतो. कोरीपाटी, तुमचं गृहीतक चुकीचं नव्हतं. पुट विकणारे मोठे खेळाडू असतात आणि ते विचार करून विकतात. १०,०००च्या पुटमध्ये ओपन इंटरेस्ट जास्त म्हणजे तिथे मोठ्या माणसांनी भिंत बांधली आहे. भिंत कधीकधी तुटते, एवढंच. शंभरातले काही सौदे जाणारच.

वाटसरू
एक विचारू का? व्हिक्स १४ वरून ३१ वर गेला म्हणजे दुपटीहून जास्त. मग निर्देशांक घेण्याऐवजी सरळ व्हिक्सच घेतला असता तर? तो कुठे मिळतो?

उत्तररात्र
वाटसरू, तुमच्या प्रश्नाकडे नंतर येते. आधी कोरीपाटींना तीन प्रश्न. तुमचा पीसीआर दिवसाच्या उलाढालीचा होता की ओपन इंटरेस्टचा? सगळ्या एक्स्पायरी मिळून की फक्त जवळची? आणि १.४ पासून ०.७ पर्यंत तो घसरला त्या दरम्यान एखादी एक्स्पायरी होऊन गेली का?

कोरीपाटी
ओपन इंटरेस्टचा, फक्त जवळच्या एक्स्पायरीचा. आणि हो, मधे एक्स्पायरी झाली. ९,४३० च्या आदल्याच दिवशी.

उत्तररात्र
मग त्या ०.७ ला काही अर्थच नाही, आधी ते बाजूला काढू. एक्स्पायरीला जुने सगळे सौदे संपतात. दुसऱ्या दिवशी स्क्रीनवर जो पीसीआर दिसतो तो नव्या एक्स्पायरीचा असतो. त्यात कोण आधी आलं एवढंच दिसतं, आणि घसरणीनंतर कॉल विकणारेच आधी येतात. आधार निघून गेला असं तुम्ही वाचलंत, पण प्रत्यक्षात मोजायची पाटीच पुसून नवी झाली होती. तुलना करायची असेल तर एक्स्पायरीला तेवढेच दिवस उरलेले असतानाच्या मागच्या आकड्याशी करा, नाहीतर सगळ्या एक्स्पायरी एकत्र घ्या.

आता १.४ कडे. सरळरेषा, तुम्ही म्हणता पुट विकणारा हुशार असतो. पण प्रत्येक पुटला एक विकणारा असतो तसाच एक घेणारा असतो. ओपन इंटरेस्ट, म्हणजे ओआय, सांगतो की इतके करार उघडे आहेत. पुढाकार कुणाचा होता, कोण स्वतःहून चालत आलं आणि कुणी फक्त समोरून पुरवठा केला, ते त्या आकड्यात नसतं. एकाच १.४ चे दोन अर्थ म्हणूनच चालतात. एकजण म्हणतो लोकांनी पुट विकलेत, म्हणजे त्यांना खाली जाण्याची भीती नाही. दुसरा म्हणतो लोकांनी पुट घेतलेत, म्हणजे भीती खूप आहे, आणि भीती टोकाला गेली की बाजार उलटतो. दोघेही शेवटी म्हणतात "तेजी", म्हणून अर्थ परस्परविरोधी आहेत हे लक्षातच येत नाही. कोरीपाटींनी दोन्ही अर्थ एकाच वेळी धरले. पीसीआर वाचताना लोक निर्धास्त मानले आणि व्हिक्स वाचताना घाबरलेले.

पुढाकार कुणाचा ते ओळखायची एक बऱ्यापैकी खूण आहे. त्या स्ट्राइकची आयव्ही बघा, म्हणजे ऑप्शनच्या भावात किती हालचाल धरली आहे ते. नुसता प्रीमियम नको, कारण तो भावाबरोबर आणि दिवसांबरोबर हलतो. ओआय वाढतोय आणि आयव्ही उतरतेय, तर विकणारे जास्त दाम न मागता देतायत, म्हणजे जोर विकणाऱ्यांचा. ओआय वाढतोय आणि आयव्हीही चढतेय, तर घेणारे भाव चढवून घेतायत. कोरीपाटी, तुमच्याकडे त्या दिवसांच्या ऑप्शन चेनची नोंद आहे का?

कोरीपाटी
रोज संध्याकाळी चेन साठवून ठेवतो, पण पुन्हा उघडून कधी बघितली नव्हती. आत्ता काढली. १०,००० चा पुट बघतोय. सोमवारी निर्देशांक १०,०४०, ओआय ४०,०००, आयव्ही १५. बुधवारी निर्देशांक १०,०३०, ओआय ६२,०००, आयव्ही १८.५.

भाव जवळजवळ तिथेच आणि आयव्ही साडेतीनने वर. म्हणजे ते २२,००० करार घेणाऱ्यांच्या जोरावर आले?

उत्तररात्र
बहुतांशी तसंच. पूर्ण खात्रीने नाही म्हणत, कारण त्या दोन दिवसांत व्हिक्सही चढला होता आणि सगळ्याच स्ट्राइकची आयव्ही थोडी वर गेली असणार. तेवढ्याच अंतरावरच्या कॉलची आयव्ही पाहिलीत तर फरक कळेल. पुटची साडेतीनने आणि कॉलची जेमतेम एकाने चढली असेल, तर लोक खालच्या बाजूचं संरक्षणच मागत होते.

आता ती "भिंत" का ढकलते ते बघा. घेणाऱ्यांना ते पुट पुरवले कुणी? बऱ्याचदा दोन्ही बाजूंना भाव देणाऱ्या संस्थांनी. त्यांना दिशेशी देणंघेणं नसतं. पुट विकला की धोका झाकायला त्या थोडा निर्देशांक विकून ठेवतात. भाव स्ट्राइकजवळ येऊन खाली सरकायला लागला की त्या पुटचा धोका वाढतो, मग झाकण्यासाठी आणखी विकावं लागतं. म्हणजे १०,०००च्या खाली भाव गेला तेव्हा ६२,००० करारांमागचे बरेच लोक निर्देशांक घेत नव्हते, विकत होते. सपोर्ट तुटल्यावर घसरणीला जोर आला तो असा.

सरळरेषा
हे मला पूर्ण पटत नाही. माझ्या अनुभवात आडव्या बाजारात मोठ्या पुट ओआयच्या पातळ्या टिकतात. एकदोनदा नाही, सतत.

उत्तररात्र
तुमचा अनुभव खोटा नाही. आडव्या बाजारात बहुतेक वेळा आयव्ही उतरती असते, उत्पन्नासाठी पुट विकणारेच जास्त असतात आणि पातळी टिकते. तेव्हा भाव देणाऱ्या संस्थांकडे पुट घेतलेले असतात, त्यामुळे त्यांना भाव उतरला की घ्यावं आणि चढला की विकावं लागतं. हालचाल आपोआप आवळली जाते. तुमचा नियम एका परिस्थितीत खरा आहे आणि ती परिस्थिती ओआयच्या आकड्यात दिसत नाही, आयव्हीत दिसते. एवढंच माझं म्हणणं.

सरळरेषा
ठीक, आयव्हीची बाजू मी कधी तपासली नाही हे मान्य. माझ्या नोंदींमध्ये ती घालून बघतो.

मेणबत्ती२१
एवढा खटाटोप करून शेवटी उत्तर काय आलं? सपोर्ट तुटला, विका. ते चार्टने आधीच सांगितलं होतं.

अंकगणित
मेणबत्ती, सपोर्ट तुटण्याच्या बाबतीत तुमचं बरोबर निघालं. पण कोरीपाटींचा दुसरा घाव तळाशी लागला, आणि तळाशी नुसता चार्ट किती वेळा फसवतो ते सगळ्यांना माहीत असलेल्या एका घसरणीवरून दाखवतो. २०२० चा फेब्रुवारी-मार्च, एस अँड पी ५०० आणि त्याचाच व्हिक्स. सगळे आकडे बंद भावाचे.

१९ फेब्रुवारीला निर्देशांक ३३८६, तोवरचा उच्चांक, आणि व्हिक्स १४.३८. २८ फेब्रुवारीला निर्देशांक २९५४, व्हिक्स ४०.११. "व्हिक्स ४० म्हणजे टोकाची भीती, घ्या" असं मानणाऱ्याने इथे घेतलं. तिथून निर्देशांक आणखी २४ टक्के पडला. हे झालं नुसता व्हिक्स वाचण्याचं फळ.

आता नुसता चार्ट. १२ मार्चला निर्देशांक २४८१ वर बंद झाला आणि १३ मार्चला एका दिवसात ९.३ टक्के उसळून २७११ वर गेला. चार्टवर याहून दणदणीत हिरवी कॅन्डल शोधून सापडणार नाही. पुढच्या सत्रात, १६ मार्चला, तो १२ टक्के पडून २३८६ वर बंद झाला.

तळ २३ मार्चला आला, २२३७. त्या दिवशी व्हिक्स ६१.५९. आता दोन्ही उसळ्यांच्या आदल्या दिवशीचं चित्र शेजारी ठेवा. १२ मार्चला भाव नव्या नीचांकावर होता आणि व्हिक्सही नव्या उच्चांकावर, ७५.४७. भीती भावाबरोबर वाढतच होती. १६ मार्चला व्हिक्स ८२.६९ झाला, त्याचा आजवरचा सगळ्यात वरचा बंद. त्यानंतर २३ मार्चला भाव १६ मार्चपेक्षाही खाली, पण व्हिक्स २१ अंकांनी कमी. भाव म्हणतोय नवा नीचांक, आणि संरक्षण विकत घेणारे म्हणतायत आता आम्ही आधीइतके पैसे मोजणार नाही. २४ मार्चला निर्देशांक ९.४ टक्के चढून २४४७ वर बंद झाला, आदल्या दिवशीच्या २३००च्या आसपासच्या उच्चांकापेक्षा बराच वर.

१३ आणि २४ मार्चच्या कॅन्डल जवळपास जुळ्या आहेत. फरक शेजारच्या तक्त्यात होता.

मेणबत्ती२१
हे मी असं पाहिलं नव्हतं. १३ मार्चला मी घेतलं होतं, हे आठवतंय.

पण एक हरकत. १३ मार्चला व्हिक्सही ७५ वरून पडला असेलच ना? मग त्या संध्याकाळी बघणाऱ्याला वाटणारच की भीती उतरली.

अंकगणित
पडला, ५७.८३ वर आला. म्हणून व्हिक्स पडला या गोष्टीला मी काहीच वजन देत नाही. भाव चढला की त्या दिवशी व्हिक्स बहुधा पडतोच, त्यात नवी माहिती नाही. भाव नव्या नीचांकावर असताना व्हिक्स जुन्या शिखराच्या खाली राहतो का, एवढंच मी बघतो. म्हणजे भाव आणखी खाली गेल्याशिवाय ही खूण मिळतच नाही. ज्याला पहिल्याच उसळीत शिरायचंय त्याच्या ती कामाची नाही.

कोरीपाटी
हे नेहमी चालतं का?

अंकगणित
नाही. २००८-०९ बघा. २० नोव्हेंबर २००८ ला निर्देशांक ७५२ आणि व्हिक्स ८०.८६. नंतर वर जाऊन पुन्हा घसरला. २३ फेब्रुवारी २००९ ला निर्देशांक ७४३, म्हणजे नवा नीचांक, आणि व्हिक्स फक्त ५२.६२. याहून स्पष्ट फरक मागूनही मिळणार नाही. दुसऱ्या दिवशी ४ टक्क्यांची उसळीही आली. तरी निर्देशांक तिथून ९ टक्के आणखी पडला आणि ९ मार्चला ६७७ वर थांबला, तेव्हा व्हिक्स ४९.६८. खूण दोन आठवडे लवकर आली. दोन आठवडे ऐकायला कमी वाटतात, पण तेव्हाच्या बाजारात ते खूप लांब होते.

उत्तररात्र
२००९ मध्ये एक गोष्ट वेगळी होती. महिनोन्‌महिने पडणाऱ्या बाजारात लोकांना पडण्याची सवय होते, संरक्षण आधीच घेऊन झालेलं असतं, किंवा शेअर विकूनच झालेले असतात. मग नवा नीचांक आला तरी पुटसाठी धावाधाव होत नाही. व्हिक्स कमी दिसतो तो धीर आल्यामुळे नाही, धावायला माणसंच उरली नाहीत म्हणून. अचानक आलेल्या घसरणीत अंकगणितांची खूण जास्त कामाची, रेंगाळलेल्या मंदीत कमी. हे माझं मत, कुणी वेगळं मोजलं असेल तर वाचायला आवडेल.

वाटसरू, आता तुमचा प्रश्न. व्हिक्स हा एक हिशेब आहे, वस्तू नाही, तो घेता येत नाही. पुढच्या ३० दिवसांत निर्देशांक किती हलेल असं ऑप्शनचे भाव सुचवतात, ते वार्षिक टक्क्यांत मांडलेलं असतं. व्यवहार होतो त्याच्या फ्युचरचा, आणि फ्युचरचा भाव व्हिक्सइतका उड्या मारत नाही, कारण घेणाऱ्यालाही माहीत असतं की भीती ओसरणार. १४ चे ३१ झाले म्हणून फ्युचर दुप्पट होत नाही. शांत बाजारात पुढच्या महिन्याचं फ्युचर बहुतेक वेळा व्हिक्सच्या वर असतं. धरून बसलात तर दर महिन्याला थोडं थोडं झिजतं.

वाटसरू
म्हणजे व्हिक्स वर गेला तर बाजार वर जाणार, असंही नाही?

उत्तररात्र
नाही. बहुतेक वेळा उलटच होतं. आणि तत्त्वतः त्यात दिशा नाहीच, हालचालीचा आकार आहे.

वाटसरू
आणखी एक राहिलं. ५ ऑगस्ट २०२४ ला स्क्रीनवर व्हिक्स ६५च्या वर दिसला होता. संध्याकाळी ३८. एवढी भीती एका दिवसात येऊन गेली?

अंकगणित
तो ६५.७३ मुख्य बाजार उघडण्याआधीचा आहे. व्हिक्स झालेल्या सौद्यांवरून काढत नाहीत, खरेदी-विक्रीच्या बोलींच्या मध्यावरून काढतात. त्या सकाळी दूरच्या पुटच्या बोली खूप ताणलेल्या होत्या. विकणाऱ्याने भाव लांब नेऊन ठेवला की मध्य आपोआप वर सरकतो, एकही सौदा न होता. बंद ३८.५७ चा होता. भीती खरीच होती, पण ६५ इतकी नव्हती. ओळखायचं कसं, तर फ्युचरकडे बघायचं. तेव्हा फ्युचर त्या उंचीच्या आसपासही गेलं नव्हतं. मी म्हणूनच नोंदवहीत फक्त बंद भाव लिहितो.

सरळरेषा
आणि उलट बाजू? व्हिक्स खूप खाली असला की लोक बेफिकीर, म्हणजे विकायची वेळ. मी ११च्या खाली हात आखडता घेतो.

अंकगणित
२०१७ मध्ये हात आखडून काय मिळालं असतं बघा. त्या वर्षी व्हिक्स महिनोन्‌महिने खालीच होता, ३ नोव्हेंबरला तर ९.१४ वर बंद झाला, आणि निर्देशांक वर्षभरात १९ टक्क्यांच्या आसपास चढला. भीती टोकाला जाते तेव्हा ती दिवसांत संपते. शांतता वर्षभर टिकू शकते. शिखर शोधायला मी व्हिक्स वापरत नाही.

फक्त एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे, पुरेसे दाखले नाहीत म्हणून नियम केला नाही. भाव नव्या उच्चांकाला जात असताना व्हिक्सही वर सरकत असेल, तर लक्ष देतो. २०१८ च्या जानेवारीत तसं झालं. महिन्याच्या सुरुवातीला व्हिक्स ९च्या आसपास, २६ जानेवारीला निर्देशांक उच्चांकावर आणि व्हिक्स ११.०८. ५ फेब्रुवारीला एका दिवसात तो १७.३१ वरून ३७.३२ वर गेला.

मेणबत्ती२१
पण जोरदार तेजीत कॉल घेण्याची झुंबड उडाली तरी आयव्ही चढते ना? ती भीती नव्हे, हाव असेल.

अंकगणित
अगदी बरोबर, आणि व्हिक्सच्या एका आकड्यावरून ते वेगळं करता येत नाही. म्हणूनच तो नियम नाही.

उत्तररात्र
इथेच पीसीआरचा खरा उपयोग आहे असं मला वाटतं, फक्त तो उलाढालीचा हवा, आणि शक्यतो निर्देशांकाचे ऑप्शन वगळून नुसत्या शेअरच्या ऑप्शनचा. निर्देशांकाचे पुट मोठे फंड वर्षभर विमा म्हणून घेत असतात, त्यामुळे तिथलं प्रमाण कायमच चढं असतं आणि त्यातून मनःस्थिती कमी, सवय जास्त दिसते. शेअरच्या ऑप्शनमध्ये सामान्य माणूस कॉल घेतो, म्हणून ते प्रमाण साधारणपणे एकच्या बरंच खाली असतं. व्हिक्स चढतोय आणि हे प्रमाण घसरतंय, तर झुंबड कॉलची. दोन्ही चढतायत, तर पुटची.

एका दिवसाचा आकडा मी बघत नाही, एखाद्या मोठ्या सौद्याने तो वाकतो. दहा दिवसांची सरासरी घेते आणि मागच्या वर्षभराच्या सरासऱ्यांमध्ये ती कुठे बसते ते पाहते. १.३ किंवा ०.७ अशी कायमची रेघ मारली की काही वर्षांनी ती रेघ जुनी होते, कारण ऑप्शन वापरणारी माणसंच बदलतात.

कोरीपाटी
आणखी एक विचारायचंय. माझा ११० अंकांचा स्टॉपलॉस. तो वर्षभर मला नीट सांभाळत होता. या वेळी दुसऱ्याच दिवशी उडाला, हे दुर्दैव की त्यालाही कारण आहे?

अंकगणित
कारण आहे, आणि व्हिक्सचा सगळ्यात साधा उपयोग तोच. व्हिक्सला १६ ने भागा, एका दिवसाच्या हालचालीचा अंदाज टक्क्यांत मिळतो. वर्षात साधारण २५२ व्यवहाराचे दिवस, त्याचं वर्गमूळ १६च्या जवळ, म्हणून १६. व्हिक्स १४ असताना ०.९ टक्के, म्हणजे १०,००० वर ८८ अंक. तुमचा ११० चा स्टॉपलॉस त्याच्या बाहेर होता. व्हिक्स १९ झाला तेव्हा १.२ टक्के, ११९ अंक. तुमचा स्टॉपलॉस एका साध्या दिवसाच्या येण्याजाण्यात आला. दिशा बरोबर असती तरी तो उडण्याची बरीच शक्यता होती. स्टॉपलॉस लांब न्या आणि त्या प्रमाणात सौदा लहान करा. व्हिक्स ३१ ला हेच माप १९० अंकांच्या पुढे जातं.

हा फक्त अंदाज आहे. १६ मार्च २०२० ला सकाळी कुणी आदल्या बंद व्हिक्सवरून हिशेब केला असता तर ३.६ टक्के आला असता, आणि बाजार १२ टक्के पडला.

कोरीपाटी
हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. मनापासून आभार.

काल रात्री बसून सगळे दिवस पुन्हा मांडले. ९,४३० च्या आदल्या दिवशी निर्देशांक ९,५२० वर बंद आणि व्हिक्स ३३. ज्या दिवशी मी विकलं त्या दिवशी ९,४३० वर बंद आणि व्हिक्स ३१. भाव नव्या नीचांकावर आणि व्हिक्स खाली. दुसऱ्या दिवशी ९,५६० वर बंद, आदल्या दिवसाचा उच्चांक ९,५१०. म्हणजे अंकगणितांची खूण जिथे उमटली, बरोबर तिथेच मी विकलं.

उत्तररात्र
थांबा, इतक्या लवकर स्वतःला दोष देऊ नका. ३३ चे ३१ हा फरक मला पुरेसा वाटत नाही. २०२० मध्ये ८२ चे ६१ झाले होते, आणि मधे चार सत्रं गेली होती. एका दिवसात दोन अंक व्हिक्स कशानेही हलतो. आणि तुमच्याकडे आदल्याच दिवशी एक्स्पायरी होती. त्या आठवड्यात आधीपासून तारीख ठरलेली एखादी मोठी घोषणाही होती का? असेल तर ती होऊन गेली की निकाल काहीही लागो, व्हिक्स उतरतो, कारण अनिश्चिततेचा एक तुकडा संपतो. त्याला भीती ओसरली असं म्हणता येत नाही.

कोरीपाटी
होती. व्याजदराचा निर्णय, त्याच दुपारी.

अंकगणित
मग माझ्या वहीत हा दाखला "संशयास्पद" या रकान्यात जाईल. मी तिथे घेतलं नसतं. दुसऱ्या दिवशीच्या ९,५६० ला कदाचित घेतलं असतं, लहान सौदा करून, स्टॉपलॉस १९० अंकांपलीकडे ठेवून. पण ते चार्टमुळे, व्हिक्समुळे नाही.

मेणबत्ती२१
ठरलेल्या घोषणेचे दिवस वगळले तर तुमच्या वहीत खूण खरी ठरल्याचे किती दाखले उरतात?

अंकगणित
थोडे. आकडा सांगायला नको इतके थोडे. २०११ चा ऑगस्ट मला अजून नीट बसवता आलेला नाही. तिथे व्हिक्स ८ ऑगस्टला ४८ वर बंद झाला आणि भावाचा नीचांक ३ ऑक्टोबरला आला, व्हिक्स ४५ वर. तीन अंकांचा फरक, मधे जवळजवळ दोन महिने. उत्तररात्र ताई, तुम्ही हा फरक पुरेसा धराल का?

उत्तररात्र
तो दिवस उघडून बघते. त्या दोन तारखांच्या पुट आणि कॉलच्या आयव्हीतलं अंतर मिळालं तर सांगता येईल. नुसत्या ४८ आणि ४५ वरून मी हो म्हणणार नाही.

सरळरेषा
मी माझ्या शेवटच्या वीस "भिंती" काढून बसलोय, प्रत्येकीसमोर आयव्ही लिहितोय. सहा झाल्या. त्यातल्या तुटलेल्या दोन्हींमध्ये आयव्ही चढती होती, पण टिकलेल्यांपैकी एकीतही चढती होती. उरलेल्या चौदा झाल्या की इथेच टाकतो.